लग्न नेमकं कधी लागतं?

गेल्या वैशाखात कराडला माझ्या भाचीचं लग्न झालं. मुहूर्त दुपारी बारा सदतीसचा. मंगलाष्टकं संपली, ‘शुभ मंगल सावधान’ झालं, वाजंत्री वाजली, अंतरपाट बाजूला झाला. दोघांनी एकमेकांवर जिरं-गूळ टाकलं, हार घातले आणि सहाशे माणसांनी अक्षता उधळल्या. शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, “लागलं बाई लग्न!” पाचच मिनिटांत हॉल रिकामा व्हायला लागला. पंगतीच्या दारात गर्दी झाली. फोटोग्राफरनं कॅमेरा गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला आणि तोही जेवायला निघाला.

मी त्याला थांबवलं. म्हटलं, “बाळा, अजून होम आहे, सप्तपदी आहे. आधी ते घे.” तो म्हणाला, “मावशी, ते सगळे घेतात का? अल्बममध्ये एखादा लागतो. हाराचे मस्त आलेत.”

मी जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं वकिली केली, त्यातली बहुतेक वर्षं नवरा-बायकोच्या प्रकरणांत गेली. हाराचे मस्त आलेले फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या फोटोंनी काय होतं आणि काय होत नाही, हेही पाहिलं आहे. म्हणून घरातलं कुणाचंही लग्न असलं की मी जेवायला शेवटच्या पंगतीला बसते.

वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एक बाई माझ्याकडे आली होती. वय असेल तिशीच्या आतबाहेर. कापडी पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले अकरा फोटो. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं आणि त्या लग्नाला गेलेल्या कुणीतरी नात्यातल्या माणसानं हे फोटो तिला आणून दिले होते. देवळाच्या मंडपात नवरा मुंडावळ्या बांधून उभा. समोर नवी नवरी. एका फोटोत हार घालताना, एका फोटोत मंगळसूत्र बांधताना, एका फोटोत दोघं सगळ्यांच्या पाया पडताना. ती मला म्हणाली, “वकीलबाई, आता अजून काय पुरावा पाहिजे?”

मलाही तसंच वाटलं होतं. पहिली बायको जिवंत असताना आणि लग्न कायम असताना दुसरं लग्न करणं हा गुन्हा. तेव्हा तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ खाली यायचा, आता न्याय संहितेच्या कलम ८२ खाली येतो. सात वर्षांपर्यंत शिक्षा. मी फिर्याद तयार केली आणि माझ्या सीनिअरांपुढे ठेवली. त्यांनी फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले, एकेक पाहिला आणि विचारलं, “सप्तपदीचा कुठाय?”

नव्हता. भटजी कोण होते, तेही कुणाला सांगता येईना. सरांनी कपाटातून एक खंड काढला आणि मला एक निकाल वाचायला दिला. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९६५. आपल्याच मातीतलं प्रकरण. पहिली बायको असताना भाऊरावांनी १९६२ च्या फेब्रुवारीत दुसरं लग्न केलं, असा खटला. साक्षीदारांनी सांगितलं की ते गंधर्व पद्धतीचं लग्न होतं. वधूवरांनी एकमेकांना हार घातले, कपाळाला कपाळ लावलं, झालं लग्न. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली.

कारण साधं होतं, आणि मला ते पहिल्यांदा वाचताना पचलं नाही. कायद्यात गुन्हा आहे ‘लग्न करण्याचा’. लग्न केलं म्हणजे ते रीतसर, योग्य विधींनी लागलं पाहिजे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं कलम ७ म्हणतं की दोघांपैकी कुणाही एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी करता येतात, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर वधूवरांनी अग्नीसमोर एकत्र टाकलेल्या सातव्या पावलाला लग्न पूर्ण आणि बंधनकारक होतं. न्यायालयानं विचारलं, होम झाला का? सप्तपदी झाली का? दोन्हीही झालं नव्हतं. मग या समाजात सप्तपदीशिवाय लग्न लावण्याची रूढी आहे का? साक्षीदार म्हणाले, गेल्या पाच-सात वर्षांत तसं होऊ लागलंय. पाच-सात वर्षांची गोष्ट म्हणजे रूढी नव्हे. कायद्याच्या भाषेत रूढी म्हणजे दीर्घकाळ, खंड न पडता, सारखेपणानं पाळली गेलेली गोष्ट. ती सिद्ध झाली नाही. सबब दुसरं लग्न लागलंच नाही आणि जे लागलंच नाही त्याबद्दल शिक्षा कशी देणार?

त्या बाईला हे समजावून सांगणं हे मी आजवर केलेल्या सगळ्यांत अवघड कामांपैकी एक. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, “म्हणजे ती बाईसुद्धा त्याची बायको नाही?” मी म्हटलं, नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आणि तिला हे माहीत आहे का?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. ज्या स्त्रीच्या नावानं ती इतके महिने रडली होती, तिच्यासाठी विचारत होती.

आम्ही खटला चालवला आणि हरलो. पोटगी मात्र मिळाली, कारण तिचं स्वतःचं लग्न पक्कं होतं. होम, सप्तपदी, सगळं झालेलं, भटजी साक्षीला उभे राहिले. त्या दुसऱ्या बाईचं पुढे काय झालं मला कळलं नाही. त्या काळात तिच्यासारखीला पोटगीचा दरवाजाही जवळजवळ बंद होता. पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं, की पहिलं लग्न लपवून एखाद्या स्त्रीशी लग्नाचे विधी करणाऱ्या माणसाला नंतर ‘हे लग्नच बेकायदा होतं’ म्हणत पोटगी टाळता येणार नाही. पोटगीपुरती ती बायकोच. तेवढं एक दार उघडलं. पण दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्यात आजही विधी काटेकोर सिद्ध करावे लागतात, आणि हे ठाऊक असलेली माणसं मुद्दाम हारावर थांबतात. मी अशी माणसं पाहिली आहेत. त्यांचा मला अजूनही संताप येतो.

म्हणून सप्तपदीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. आधी एक घोटाळा दूर करायला हवा, कारण तो मला साक्षीपुराव्यातसुद्धा भेटला आहे. हिंदी सिनेमानं आपल्या डोक्यात बसवलंय की सप्तपदी म्हणजे अग्नीभोवती सात फेरे. आपल्याकडे तसं नाही. अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणा लाजाहोमाच्या वेळी होतात, जेव्हा मुलीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. सप्तपदी त्यानंतर. अग्नीच्या बाजूला तांदळाच्या सात लहान राशी ओळीनं घालतात. वर वधूचा हात धरतो आणि ती एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जाते. एक साक्षीदार उलटतपासणीत ‘फेरे किती?’ या प्रश्नाला ‘चार’ म्हणाला आणि समोरच्या वकिलांनी लगेच टिपून घेतलं की सप्तपदी अपुरी. चार फेरे आणि सात पावलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे न्यायाधीशांना दाखवायला मला गृह्यसूत्राची पोथी घेऊन जावं लागलं होतं.

प्रत्येक पावलाला एक छोटं वाक्य आहे. पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनाच्या वाढीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंसाठी. सातव्याला मात्र काही मागायचं नाही. ‘सखा सप्तपदी भव’, सातवं पाऊल टाकून तू माझी सखी हो. आपल्याकडे जुनं वचनच आहे की सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते. कायद्यानं लग्न पूर्ण होण्याचा क्षण म्हणून नेमकं हेच पाऊल धरलं आहे. अन्नाच्या पावलाला लग्न होत नाही, संततीच्या पावलाला होत नाही, मैत्रीच्या पावलाला होतं. कायदा लिहिणाऱ्यांनी हा विचार केला असेल असं नाही, त्यांना फक्त शेवटचा टप्पा हवा होता. मला मात्र दर वेळी त्या पावलापाशी भरून येतं.

पण सप्तपदी सगळ्यांची नाही, आणि असावी असा माझा आग्रहही नाही. इथे दुसऱ्या एका निकालाची गोष्ट सांगायला हवी, कारण तो लोखंडे निकालासमोर ठेवला की दोन्ही नीट कळतात.

तमिळनाडूत नागलिंगम नावाच्या माणसाचा खटला होता. आरोप तोच, पहिली बायको असताना दुसरं लग्न. दुसऱ्या लग्नात हार घातले होते, वरानं वधूच्या गळ्यात ताली बांधली होती. ताली म्हणजे तिकडचं मंगळसूत्र. सप्तपदी सिद्ध झाली नाही म्हणून खालच्या कोर्टानं त्याला सोडलं. उच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं दोषी ठरवणं कायम केलं. हार तसाच, गुन्हा तोच, कायदाही तोच १९५५ चा. मग निकाल उलटा कसा?

कारण तमिळनाडूनं त्या कायद्यात स्वतःचं एक कलम घातलं आहे, ७-अ. पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीत शेकडो लग्नं पुरोहिताशिवाय, अग्नीशिवाय लागत होती. १९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं अशा एका लग्नाला बेकायदा ठरवलं. किती घरांतल्या बायका-मुलांचं स्थान एका दिवसात हललं असेल! १९६७ मध्ये अण्णादुराईंचं सरकार आलं आणि त्यांनी कायदा दुरुस्त केला. नातेवाईक, मित्र किंवा इतर लोकांसमक्ष दोघांनी एकमेकांना समजेल अशा भाषेत पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं सांगायचं, किंवा एकमेकांना हार घालायचा, किंवा एकमेकांच्या बोटात अंगठी घालायची, किंवा ताली बांधायची. यातलं काहीही एक पुरे. आणि हे मागे झालेल्या लग्नांनाही लागू. हार, अंगठी, सूत्र आणि शब्द, चारही गोष्टी कायद्याच्या एकाच कलमात शेजारी शेजारी बसलेल्या मी दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत.

मला या गोष्टीचं वाईट वाटतं ते अशासाठी की पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची सुरुवात आपल्याकडे पेरियारांच्या कितीतरी आधी झाली होती. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तो २४ सप्टेंबर १८७३ ला, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. जोतीरावांनी त्यासाठी मराठीत मंगलाष्टका रचल्या. त्या वाचल्या की लक्षात येतं की ती निव्वळ आशीर्वादाची पद्यं नाहीत, तो वधूवरांचा संवाद आहे. वधू त्यात सरळ विचारते की आम्हा स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, आमचे हक्क देशील का, आणि वर सगळ्यांसमक्ष शब्द देतो. आज त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. त्या पद्धतीनं लागलेल्या लग्नाची बाजू मांडताना निदान ‘रूढी पाच-सात वर्षांची आहे’ असं कुणी म्हणू शकत नाही. पण ७-अ सारखं स्पष्ट कलम आपल्याकडे नाही. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या आपल्या लोकांची लग्नं त्रिशरण-पंचशील घेऊन, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, हार घालून लागतात. तीही याच १९५५ च्या कायद्याखाली येतात. तिथे सप्तपदी त्या पद्धतीचाच भाग नाही, म्हणून सातव्या पावलाचा प्रश्न येऊ नये. तरी मी प्रत्येक जोडप्याला सांगत आले की संपूर्ण विधीचं चित्रीकरण ठेवा आणि नोंदणी लगेच करा.

नोंदणीविषयीही एक गैरसमज आहे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं लग्नाची नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणी म्हणजे झालेल्या लग्नाचा पुरावा, तिच्यानं लग्न लागत नाही. विधी न करता केवळ परदेशी जाण्याच्या घाईनं दाखला काढून ठेवणारी जोडपी असतात, त्यांना हे ठाऊक नसतं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका वैमानिक जोडप्याच्या प्रकरणात हेच सांगितलं. दाखला होता, विधी नव्हते. लग्न झालंच नव्हतं असं ठरलं.

आता मंगळसूत्र. न्यायालयात लग्न सिद्ध करताना त्याला स्वतंत्र असं वजन फारसं नाही. गळ्यात ते आहे, म्हणजे ही बाई विवाहित म्हणून वावरते, इतकंच. जुन्या गृह्यसूत्रांत मंगळसूत्र बांधण्याचा विधी सापडत नाही, सप्तपदी मात्र सापडते. तरी बायकांच्या मनात क्रम अगदी उलटा आहे. सप्तपदी कुणाला आठवत नाही, मंगळसूत्र प्रत्येकीला आठवतं. ते कुठल्या पटवेकऱ्याकडून गाठवलं, सोनं कुणी दिलं, वाट्या लग्नात उलट्या होत्या त्या कितव्या दिवशी सुलट केल्या, सासरची वाटी कोणती आणि माहेरची कोणती. घाटावर त्याला डोरलं म्हणणाऱ्या बायका आहेत. तो शब्द मला जास्त आवडतो, कारण त्यात दोरा ऐकू येतो. मूळ वस्तू सोन्याची नाहीच, दोऱ्याची आहे. दोरा झिजतो, तुटतो. तुटला तर ‘तुटलं’ म्हणायचं नाही, ‘वाढवलं’ म्हणायचं, आणि नवीन दोऱ्यात ओवून येईपर्यंत हळकुंड बांधलेला दोरा गळ्यात घालायचा, अशी माझ्या आईची रीत होती.

मंगळसूत्र बांधताना गुरुजी जो श्लोक म्हणतात त्यावर मी एकदा थांबले. ‘मांगल्यतंतुनाऽनेन भर्तृजीवनहेतुना’. ‘पतीच्या जीवनाचं कारण असलेल्या या मंगल तंतूनं’. पुढे ‘कण्ठे बध्नामि सुभगे’, सुभगे, तुझ्या गळ्यात मी हा बांधतो. आणि शेवटी ‘जीव शरदां शतम्’. शंभर वर्षं जग, हे कुणाला म्हटलंय? तिला. आम्ही लहानपणापासून ऐकलं की मंगळसूत्र नवऱ्याच्या आयुष्यासाठी. श्लोकात मागणं आहे ते बायकोच्या आयुष्याचं. त्याचं आयुष्य तिच्यावर टेकलेलं आहे, म्हणून ती शंभर वर्षं जगली पाहिजे. माझ्या वडिलांच्या मागे आईनं मंगळसूत्र काढून ठेवलं तेव्हा मला हा अर्थ माहीत नव्हता. माहीत असता तर मी तिला सांगितलं असतं. तिनं ऐकलं असतं की नाही, ते मात्र सांगता येत नाही.

अंगठीचं मला कळलं ते अलिबागच्या एका मैत्रिणीमुळे. ती बेने इस्राएल. आपल्या कोकणातले हे ज्यू लोक, एकेकाळी तेलाच्या घाण्यावर काम करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. घरात मराठी, आणि त्यांच्या बायकांच्या गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्रही असतं. तिच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते. मंगळसूत्र पाहून मला वाटलं, इथेही तेच. तिनं मला हळूच सांगितलं, “ते आपल्या गावचं आहे. आमचं लग्न लागतं अंगठीनं. बघ, कुठल्या बोटात घालतो ते.”

वरानं अंगठी वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीत घातली. तर्जनीत अशासाठी, की ती पुढे करून साक्षीदारांना स्पष्ट दाखवता येते. अंगठी साधी, खड्याविना. आणि ती वराच्या मालकीची असावी लागते, उसनी चालत नाही. खडा का नको, तर ज्यूंच्या धर्मशास्त्रात ही अंगठी म्हणजे किंमत असलेली वस्तू वर वधूला देतो आणि ती स्वीकारते, या व्यवहारानं लग्न लागतं. खडा असला तर त्याच्या किमतीबद्दल तिची फसगत होऊ शकते. साध्या धातूची किंमत कुणालाही कळते. लग्नाच्या क्षणात वधूची फसवणूक होऊ नये म्हणून कुणीतरी इतका बारीक विचार करून ठेवला होता! अंगठी घालताना वर हिब्रूत म्हणतो की या अंगठीनं, मोशे आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे, तू माझ्यासाठी पवित्र झालीस. मग केतुबा वाचतात, म्हणजे लेखी करार. नवऱ्यानं बायकोसाठी काय करायचं हे त्यात असतं आणि त्यावर साक्षीदार सही करतात. वकील म्हणून मला त्या मांडवात अगदी घरच्यासारखं वाटलं.

ख्रिस्ती लग्नातही अंगठी असते, पण तिथे तिचं काम वेगळं. वसईच्या एका फादरांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, की कॅथलिक समजुतीत धर्मगुरू लग्न लावत नाही. वर आणि वधू एकमेकांना संमतीचे शब्द देतात, ते शब्द म्हणजे लग्न. अंगठी नंतर येते, ती त्या शब्दांची खूण. जुन्या काळी युरोपात त्यामुळे दोघांनी एकांतात शब्द दिले तरी लग्न मानलं जायचं. मग पुरुष नंतर हात वर करायचे, असं काही बोललोच नाही म्हणायचे, दुसरीशी लग्न करायचे. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ मध्ये नियम केला की धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर शब्द दिले तरच लग्न. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ते अकरा फोटो आले. चारशे वर्षांचं अंतर, समुद्रापलीकडचा मुलूख, आणि दुखणं तेच.

गोव्यात तर आणखी वेगळं. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे आणि लग्न लागतं ते निबंधकापुढच्या सहीनं. तीही दोनदा. आधी इच्छा नोंदवायची, मग ठरलेल्या मुदतीनंतर येऊन पुन्हा सही करून लग्न पक्कं करायचं. पहिली सही झाली म्हणजे झालं, असं समजून देवळात थाटात लग्न करून संसाराला लागलेल्या आणि पुढे वाद निघाल्यावर दुसरी सही झालीच नव्हती हे कळलेल्या बायकांची हकिकत तिथल्या वकील मैत्रिणी सांगतात. निकाहात ना हार लागतो ना अंगठी. साक्षीदारांसमोर ईजाब आणि कबूल, प्रस्ताव आणि स्वीकार, आणि मेहर. फुलांचा सेहरा हौसेचा.

माझं स्वतःचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं, कारण आम्ही दोघं वेगवेगळ्या धर्मांचे. १९५४ चा कायदा. तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागली होती. आमची नावं भिंतीवर पाहून माझ्या एका काकांनी बोलणं सोडलं ते सात वर्षं. त्या कायद्यात विधी कोणताही करा किंवा करू नका, लग्न बंधनकारक होतं ते एका वाक्यानं. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना ते म्हणायचं, आणि दोघांना कळेल अशा भाषेत म्हणायचं. मी अमुक, तुला तमुक, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. बस, इतकंच. अधिकाऱ्यांनी इंग्रजीतला कागद पुढे केला होता. मी मराठीत म्हणेन म्हटलं. ते म्हणाले, “म्हणा की, कायद्यात तसंच आहे.” ‘स्वीकारते’ म्हणताना माझा आवाज चिरकला आणि मला ते वाक्य पुन्हा म्हणावंसं वाटलं, पण ते एकदाच म्हणायचं असतं. हार आम्ही नंतर कचेरीच्या पायऱ्यांवर घातले, साक्षीला आलेल्या मैत्रिणीनं मंडईतून आणलेले, शेवंतीचे. सासूबाईंनी पाठवलेली अंगठी खूप सैल होती. ती मी दोरा गुंडाळून घातली.

तर कराडला, त्या रिकाम्या हॉलमध्ये, फोटोग्राफर थांबला. होम झाला, लाजाहोम झाला. गुरुजींनी तांदळाच्या सात राशी मांडल्या. एक दुसरीला चिकटली होती ती त्यांनी बोटानं वेगळी केली. मी त्यांना विनंती केली की प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगा. ते आनंदानं हो म्हणाले, कुणी विचारत नाही म्हणाले. भाचीनं शालू थोडा वर धरला. माझा सगळा जीव तिच्या उजव्या पायाकडे. जावई उंच, त्याचं पाऊल मोठं पडत होतं. दुसऱ्या राशीपासून तो आपणहून लहान पावलं टाकू लागला.

सहाव्या राशीपाशी ती थांबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “मावशी, हे शेवटचं ना?” मी मान हलवली. गुरुजी म्हणाले, “सातवं मैत्रीचं.” फोटोग्राफर जमिनीवर गुडघे टेकून, कॅमेरा राशीच्या उंचीवर धरून बसला होता. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. आतून वाढप्यांचा आवाज येत होता, आणि ताई दारातून हाक मारत होती की पहिली पंगत उठली, आता तरी या.